सुकामेव्याचा छोटा धंदा: इतरांची पेजं वाचून आपलं वेगळं म्हणणं कसं शोधायचं?

शमिका

माझ्या वहिनी चिंचवडला घरून सुकामेवा विकतात. काजू सावंतवाडीच्या एका कारखान्यातून १० किलोच्या डब्यात येतो, बेदाणा तासगावहून, आणि बदाम, अंजीर, अक्रोड पुण्याच्या मार्केट यार्डातून. महिन्याला काजू साधारण ३५ किलो जातो, बदाम २५, बेदाणा १५, अंजीर ६ आणि अक्रोड जेमतेम ४. गिऱ्हाईक बरंचसं व्हॉट्सअ‍ॅपच्या यादीवरचं, तीनशेच्या आसपास. शिवाय इन्स्टाग्रामचं पेज आहे आणि एक साधी वेबसाइट.

पेजवर सध्या लिहिलंय, "उत्तम दर्जाचा, ताजा आणि आरोग्यदायी सुकामेवा". परवा मी बाकीच्यांची सात पेजं उघडून पाहिली, तर सातही जण थोड्याफार फरकाने हेच म्हणतायत. नावं झाकली तर कुठलं वाक्य कुणाचं ते सांगता येणार नाही. दिवाळीच्या आधी वहिनींचं म्हणणं बदलायचं आहे. बाकीचे काय बोलत नाहीत आणि त्यातलं वहिनींनी काय बोलावं, हे नीट शोधायची पद्धत कोणी सांगेल का? भाव कमी करणं जमणार नाही, ते आधीच सांगते.

रानभूल

यात अवघड काही नाही. सातही पेजांवर जे नाही ते शोधा आणि मोठ्या अक्षरात लिहा. उदा. बदामाने स्मरणशक्ती वाढते, अक्रोडाने हृदय चांगलं राहतं, हे सगळेच मोघम लिहितात. तुम्ही प्रत्येक जिन्नसाचा एकेक आजार पकडून सविस्तर लिहा, म्हणजे वेगळेपण आलं.

तराजू

रानभूल, पहिलं वाक्य अर्धं बरोबर आहे, दुसरं मात्र वहिनींना अडचणीत आणेल. खाण्याच्या वस्तूने आजार बरा होतो किंवा टळतो असं पेजवर लिहायला अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या जाहिरात आणि दाव्यांच्या नियमांची आडकाठी आहे. त्याच नियमांत "ताजे", "नैसर्गिक", "शुद्ध", "अस्सल" या शब्दांनाही अटी घातल्या आहेत, त्यामुळे सध्याचा "ताजा" हा शब्दसुद्धा काढलेला बरा.

आता पहिल्या वाक्याबद्दल. सगळे एखाद्या गोष्टीवर गप्प असतात त्याची कारणं वेगवेगळी असतात. कधी गिऱ्हाइकाला त्या गोष्टीचं काही पडलेलंच नसतं. कधी ती बोलायला नियम आडवा येतो. आणि कधी विक्रेत्याला ती बोलणं परवडत नाही, कारण त्याची साखळीच तशी असते. आपल्याला ही शेवटची जागा हवी आहे: गिऱ्हाइकाला ती गोष्ट खुपते, इतरांना बोलता येत नाही, आणि वहिनी ती दर पाकिटाला खरी करून दाखवू शकतात. त्यासाठी पेजं वाचणं हे निम्मंच काम. उरलेलं निम्मं म्हणजे त्या पेजांखालचे ग्राहकांचे अभिप्राय वाचणं.

शमिका, आधी तुमची सात पेजं बरोबर निवडली आहेत का ते बघा. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या दहा नेहमीच्या गिऱ्हाइकांना एकच प्रश्न विचारा: "आमच्याकडे नसतं मिळालं तर कुठून घेतलं असतं?" उत्तरात जी नावं येतील तीच खरी स्पर्धा. बहुतेक वेळा त्यात दहा मिनिटांत घरपोच देणारं अ‍ॅप आणि कोपऱ्यावरचं दुकान निघतं, आणि आपण इन्स्टाग्रामवर ज्याच्याकडे बघून जळतो तो यादीत नसतोच.

मग एक शीट करा. प्रत्येक पेज मोबाइलवर उघडा, कॉम्प्युटरवर नको, कारण गिऱ्हाईक मोबाइलवरच बघतं. स्क्रोल न करता जे दिसतं त्यातलं प्रत्येक वाक्य जसंच्या तसं उतरवा. "दर्जाबद्दल बोलतात" असा सारांश नको; "हँडपिक्ड प्रीमियम काजू" असं असेल तर तेच लिहा. शेजारच्या रकान्यात ते पेज कोणतं. त्याच्या शेजारी, त्या वाक्याला पुरावा काय दिलाय: आकडा, तारीख, फोटो, की काहीच नाही. हा पुराव्याचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. बरेचदा वाक्य सगळ्यांकडे असतं आणि पुरावा एकाकडेही नसतो, तिथे मोकळी जागा सापडते.

मोजताना वाक्यं मोजू नका, पेजं मोजा. एकाच पेजवर "आरोग्य" नऊ वेळा आलं तरी ते एकच.

अभिप्रायांत दोन आणि तीन ताऱ्यांचे आधी वाचा. एक तारावाले बहुतेक कुरिअरवर चिडलेले असतात, पाच तारावाले "छान" म्हणून थांबतात. मधले लोक काय बरं होतं आणि काय खटकलं ते सांगतात. आणि प्रत्येक अभिप्राय कोणत्या जिन्नसाचा आहे ते बघून घ्या. मोठ्या बाजारपेठांच्या साइटवर १०० ग्रॅम, ५०० ग्रॅम, कधीकधी खारा आणि साधा काजू, सगळ्यांचे अभिप्राय एकाच पानावर गोळा केलेले असतात.

सुगरण_सातारा

माझं लोणच्याचं पेज आहे. आठ महिने झाले, फॉलोअर ६०० च्या पुढे सरकत नाहीत. मीही इतरांची पेजं बघते, त्यांच्यासारखेच रील टाकते. नक्की काय चुकतंय?

तराजू

ताई, या धाग्यात फॉलोअर वाढवण्याचा विषय नाही, पण तुमच्या वाक्यात एक गोष्ट सापडते. "त्यांच्यासारखेच" टाकलं तर बघणाऱ्याला तुमचं पेज वेगळं लक्षात राहायला कारण उरत नाही. वेगळा धागा काढा, तिथे बोलू.

भुसारवाला

वरची पद्धत ठीक आहे, पण माल माहीत नसेल तर पेज वाचूनही खरंखोटं कळणार नाही. म्हणून काही गोष्टी सांगतो.

"कोकणचा काजू" हे वाक्य चार-पाच पेजांवर मिळेलच. आपल्या देशातले कारखाने आफ्रिकेतूनही कच्ची बी मोठ्या प्रमाणात आणतात आणि इथे फोडतात. कारखाना कोकणात आहे म्हणून बी कोकणची असेलच असं नाही. "वेंगुर्ला काजू" या नावाला भौगोलिक मानांकन आहे, आणि ते नाव मानांकनाच्या आधारावर वापरायचं तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद लागते. वहिनींनी कारखानदाराला सरळ विचारावं: बी कुठली, आणि ते बिलावर लिहून देणार का? लिहून देत नसेल तर "कोकणचा" हा शब्द पेजवर नको.

दुसरं, नंबर. काजूचा नंबर म्हणजे एका पौंडात, म्हणजे ४५४ ग्रॅममध्ये, किती दाणे बसतात तो आकडा. ३२० नंबर म्हणजे पौंडाला ३०० ते ३२० दाणे. हिशेब केला तर २५० ग्रॅमच्या पाकिटात १६५ ते १७६ होतात. २४० नंबरचे २२० ते २४०, म्हणजे पाकिटात १२१ ते १३२. गिऱ्हाइकाला नंबर कळत नाही, दाणे मात्र घरी ताटलीत ओतून मोजता येतात.

तिसरं, "नवं पीक". कोकणात काजू बी फेब्रुवारी ते मे या काळात उतरते. बेदाणा साधारण फेब्रुवारी ते एप्रिल तयार होतो आणि मग तासगाव-सांगलीच्या शीतगृहात राहून वर्षभर निघत असतो. कॅलिफोर्नियाच्या बदामाची काढणी ऑगस्ट ते ऑक्टोबर. तो जहाजाने इकडे येईपर्यंत दिवाळी उंबरठ्यावर आलेली असते. तेव्हा ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच "नव्या पिकाचा कॅलिफोर्निया बदाम" असं कोणी लिहीत असेल तर तो बहुधा मागच्या हंगामाचा आहे. माल चांगला असू शकतो, नीट ठेवला तर वर्षभर टिकतो. पण वाक्य चुकीचं आहे, आणि तुम्ही ते उचलू नका.

शमिका

खूप आभार. दहा गिऱ्हाइकांना विचारलं. तराजू म्हणाले तसंच झालं, सातपैकी दोन पेजं बदलावी लागली. आता यादीत घरपोच अ‍ॅपचा स्वतःचा ब्रँड आणि आमच्याच भागातलं एक दुकान आलं. बाकी ऑनलाइन बाजारावरचे दोन मोठे ब्रँड आणि काजू विकणारी इन्स्टाग्रामवरची तीन पेजं.

शीट भरली. आरोग्याबद्दल सातपैकी सात. "प्रीमियम" किंवा त्या अर्थाचा शब्द सातपैकी सात. गिफ्ट बॉक्स सहा. "ताजे" हा शब्द सहा. सूट पाच. "थेट कारखान्यातून किंवा शेतकऱ्याकडून" पाच. कोकण चार. काजूचा नंबर तीन जणांनी दिलाय, त्यातल्या एकानेच पाकिटात किती दाणे ते लिहिलंय. माल कधी भरला याची तारीख कुणाच्याच पेजवर नाही. घरी कसं ठेवायचं हे फक्त एका पेजवर.

अभिप्राय चार पेजांवरच होते. प्रत्येकी ३०, असे दोन-तीन ताऱ्यांचे १२० उतरवले, सगळे गेल्या वर्षभरातले. खवटपणाची तक्रार किती ते मोजायला गूगल शीट्समध्ये हे सूत्र लावलं:

```
=SUMPRODUCT(--REGEXMATCH(LOWER(C2:C121),"rancid|stale|smell|old|खवट|वास|जुन"))
```

उत्तर ४९ आलं. म्हणजे १२० पैकी ४९ जणांना जुना माल मिळाला! हीच ती जागा ना?

कोरा कागद

थांबा, ४९ वर विश्वास ठेवू नका. "विश्वास" हाच शब्द बघा, त्याच्या पोटात "वास" आहे. "विश्वास ठेवून घेतलं पण दाणे बारीक" हा अभिप्रायही तुमचं सूत्र खवटमध्ये मोजणार. तसंच `old` हे `sold`, `told`, `gold` या सगळ्यांत सापडतं. आणि पुष्कळ लोक "अजून" हा शब्द "अजुन" असा लिहितात, त्यात "जुन" आहे.

इंग्रजी शब्दाला दोन्ही बाजूंनी `\b` लावला की तो सुटा शब्द म्हणून पकडला जातो. देवनागरीत मात्र शीट्समधला `\b` काम करत नाही, म्हणून तिथे "सुरुवात किंवा मोकळी जागा, आणि मग शब्द" असं लिहावं लागतं. मागे काही लावायचं नाही, म्हणजे "वासामुळे", "जुनाट" हेही येतील.

```
=SUMPRODUCT(--REGEXMATCH(LOWER(C2:C121),"rancid|stale|smell|\bold\b|खवट|(^|\s)(वास|जुन)"))
```

यानंतरही जे येतील ते डोळ्यांनी वाचाच. "no smell" हे कौतुक आहे, पण सूत्राला ते तक्रारच वाटेल.

शमिका

बाप रे. सुधारलेल्या सूत्राने २९ आले. वाचून पाहिले तर त्यातल्या तिघांनी वास नाही म्हणून कौतुक केलंय, म्हणजे खरे २६. मग बाकीचेही सगळे एकेक करून वाचले आणि प्रत्येकाला त्याची मुख्य तक्रार लावली. दाणे बारीक किंवा तुकडे जास्त: ३१. खवट, वास, जुना: २६. पाकीट फाटलं किंवा उशिरा आलं: १९. जाळी किंवा आळी: ११. भाव: ९. उरलेल्या २४ मध्ये धड काही नाही.

म्हणजे दाण्यांचा आकार पहिल्या नंबरावर आला. आता कुठे जायचं?

अनघा_द

पेजं बघता आहातच तर जाहिरातीही बघा. facebook.com/ads/library वर देश भारत निवडून, सगळ्या जाहिराती असं करून, पेजचं नाव टाकलं की त्यांच्या चालू जाहिराती दिसतात, कधी सुरू झाली ती तारीखही असते. जी जाहिरात सगळ्यात जास्त दिवस चालू आहे ती पैसे कमावून देते आहे असं समजायचं. तिच्यासारखी आपण करायची.

तराजू

अनघाताई, पत्ता उपयोगाचा आहे, निष्कर्ष थोडा सांभाळून काढावा. जास्त दिवस चाललेली जाहिरात चालणारी असू शकते. पण ती रोजच्या शंभर रुपयांवर विसरून गेलेलीही असू शकते, कारण आपल्याकडच्या साध्या व्यापारी जाहिरातींवर किती खर्च झाला ते तिथे दिसत नाही. बंद केलेल्या जाहिरातीही दिसत नाहीत, म्हणजे काय फसलं हे कळायला मार्ग नाही. त्यापेक्षा एकाच म्हणण्याच्या पाच-सहा आवृत्त्या कोणी एकदम चालवतंय का ते बघा. तेवढी मेहनत माणूस सहसा तिथेच घेतो जिथे त्याला काही मिळालेलं असतं. आणि शोधायचं आहे ते नक्कल करण्यासाठी नाही, ती जागा भरलेली आहे हे समजण्यासाठी.

शमिका, तुमच्या शीटवरून दोन उमेदवार उभे राहतात: दाण्यांची संख्या आणि तारीख. आकड्यात संख्या पुढे आहे, पण मी तारखेकडे झुकतो.

पाकीटबंद मालाला जे तपशील छापावे लागतात ते ऑनलाइन विक्रीच्या पानावरही दाखवावे लागतात, पण माल भरल्याचा महिना-वर्ष त्यातून वगळलेला आहे. पाकिटावर तो असतो, स्क्रीनवर नसला तरी नियम मोडत नाही. त्यामुळे सातही पेजांवर तारीख नाही यात नवल नाही. मोठ्या विक्रेत्याचा माल वेगवेगळ्या गोदामांत वेगवेगळ्या तारखांचा पडलेला असतो. कोणत्या गिऱ्हाइकाला कोणतं पाकीट जाईल हे त्यालाच आधी माहीत नसतं, मग पानावर लिहिणार काय? अशी गप्प जागा उद्या कोणी सहज भरू शकत नाही. दाण्यांची संख्या मात्र कोणीही संध्याकाळपर्यंत टाकेल. एकाने टाकलीच आहे.

भुसारवाला

तराजू, तारखेबद्दल तुम्ही पाकिटाची तारीख धरून चालला आहात. पाकीट काल भरलं असेल, पण डबा दोन महिन्यांपूर्वी फोडलेला असेल तर त्या तारखेला काय अर्थ? काजू हवाबंद डब्यात असतो तोवर बरा राहतो. डबा फोडला की त्याला हवा आणि दमटपणा लागतो. पुण्यात जुलै-ऑगस्टमध्ये उघड्या डब्यातला काजू आठवड्यात मऊ पडलेला हाताला कळतो. पाकळी आणि तुकडा तर त्याहून लवकर, कारण कापलेला भाग जास्त उघडा पडतो. भाजलेला, खारवलेला माल आणखी लवकर.

म्हणून तारीख द्यायचीच तर डबा कधी फोडला ती द्या. आता वहिनींचा हिशेब बघा. महिन्याला ३५ किलो काजू, १० किलोचा डबा, म्हणजे एक डबा साधारण साडेआठ दिवसांत संपतो. "डबा फोडल्यापासून १० दिवसांच्या आत पाकीट तुमच्याकडे निघालेलं असेल" असं त्या काजूला छातीठोकपणे म्हणू शकतात. २५ किलो बदाम १० किलोच्या पेटीत घेतला तर पेटी बारा दिवसांत संपते, तिथे १५ दिवस म्हणता येईल. पण अक्रोड महिन्याला ४ किलो. १० किलोची पेटी घेतली तर ती अडीच महिने उघडी. आणि सगळ्यात आधी खवट होतो तो अक्रोडाचाच मगज. म्हणजे जिथे गिऱ्हाइकाला तारखेची सगळ्यात जास्त गरज, तिथेच वहिनींना ती देता येणार नाही.

माझं मत विचाराल तर दाण्यांची संख्या घ्या. साधं आहे, ३१ तक्रारी त्याच्याच आहेत, आणि खोटं पडायची भीती नाही.

शमिका

हा अक्रोडाचा मुद्दा वहिनींना वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, अक्रोडाच्या तक्रारी आमच्याकडेही येतात, आम्हाला वाटायचं माल यार्डातूनच तसा येतो. आता विचार असा आहे की अक्रोड आणि अंजीर पेजवरच्या रोजच्या यादीतून काढायचे. अक्रोडाची ऑर्डर रविवारपर्यंत घ्यायची, सोमवारी यार्डातून लागेल तेवढाच आणायचा, मंगळवारी पाठवायचा. कमी घेतल्यामुळे किलोमागे भाव थोडा चढा पडेल.

पण पेजवर तारीख लिहायची तर ती रोज बदलावी लागेल. आणि एखाद्या महिन्यात विक्री मंदावली तर?

तराजू

पेजवर तारीख लिहू नका, पद्धत लिहा. तारीख पाकिटावर. म्हणजे पेजवर वाक्य राहील, "पाकिटावर दोन तारखा बघा: डबा कधी फोडला आणि पाकीट कधी भरलं." खाली एकच फोटो, पाकिटाच्या मागच्या बाजूचा, दोन्ही तारखा वाचता येतील इतका जवळून. स्टुडिओतला काजूचा डोंगर नको, तो सातही जणांकडे आहे. तारखा हाताने लिहिल्या तरी चालतील, फक्त पुसल्या न जाणाऱ्या पेनने. प्लास्टिकच्या पाऊचवर साधं बॉलपेन एका दिवसात उडतं, म्हणून छोटा कागदी स्टिकर लावा. नियमाने लागणारं लेबल आहे तसंच राहील, हा स्टिकर त्याच्या जोडीला. लेबलवरच्या भरल्याच्या तारखेशी स्टिकरची दुसरी तारीख जुळलीच पाहिजे, नाहीतर एका पाकिटावरच दोन वेगळी उत्तरं दिसतील.

विक्री मंदावली तर दहा दिवस उलटलेला माल पाकिटात भरायचा नाही, एवढाच नियम. उरलेला काजू घरात वापरा किंवा "१० दिवसांपुढचा डबा" म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर उघडपणे कमी भावात द्या. महिन्याला यात किती किलो जातं ते दोन महिने लिहून ठेवा. पाच किलोच्या वर गेलं तर हे म्हणणं वहिनींना महाग पडतंय, आणि मग भुसारवाल्यांचं ऐकावं लागेल.

सुगरण_सातारा

गिऱ्हाईक म्हणून एक विचारू? दोन तारखा बघून मला काय कळणार? डबा म्हणजे काय, तो फोडल्याने काय होतं, हे मला आत्ता हा धागा वाचून कळलं.

तराजू

ताई, हा प्रश्न फार मोलाचा आहे. आम्ही दोघे-तिघे व्यापाराच्या भाषेत बोलत राहिलो. अभिप्रायांतली भाषा बघायला हवी. शमिका, त्या २६ जणांनी नेमके काय शब्द वापरलेत ते इथे टाकाल का?

शमिका

वास/खवट वाल्यांचे शब्द: "पहिला दाणा खाल्ला आणि तेलकट जुना वास", "तोंडात कडवट चव राहते", "दुकानात पडून असलेला माल", "मऊ पडलेत, कुरकुरीत नाहीत", "मुलाने तोंडातून काढून टाकला". "पडून असलेला" हे सहा जणांनी या ना त्या रूपात लिहिलंय.

कोरा कागद

"पडून असलेला" हाच शब्द उचला. "आमच्याकडे काजू पडून राहत नाही. डबा उघडल्यापासून दहा दिवसांत संपतो, तारीख पाकिटावर." फोडला म्हणण्यापेक्षा उघडला म्हणा, घरातल्या माणसाला लगेच कळतं.

अनघा_द

वाक्य छान आहे, पण "खवट", "पडून" असले शब्द आपल्याच पेजवर असू नयेत असं मला वाटतं. वाचणाऱ्याच्या डोक्यात काजू आणि खवट एकत्र बसतात.

कोरा कागद

"खवट" मीही टाळेन. "पडून राहत नाही" मात्र ठेवेन. हा शब्द गिऱ्हाइकाच्या मनात आधीपासून आहे, आपण नव्याने घातलेला नाही.

भुसारवाला

मी अजूनही म्हणतो, दाणे लिहा. निदान दुसऱ्या ओळीत तरी. "२५० ग्रॅममध्ये साधारण १७० दाणे, ३२० नंबर." "किमान" लिहू नका, लॉटमध्ये दोन-चार दाणे इकडेतिकडे होतात आणि मोजणारं गिऱ्हाईक मोजतंच. पहिल्या महिन्यात दर डब्यातली तीन पाकिटं स्वतः मोजून आकडा पक्का करा, कारखान्याच्या सांगण्यावर जाऊ नका. डब्यावर ३२० लिहिलेलं असतं आणि आत बारीक दाणा मिसळलेला निघतो, हे मोजल्याशिवाय कळत नाही. पाकिटात १८० च्या वर जायला लागले तर डबा परत करा.

शमिका

दोन्ही मजकूर पाठवून बघितले तर? व्हॉट्सअ‍ॅपची यादी अर्धी-अर्धी करून एकाला तारखेचा आणि दुसऱ्याला दाण्यांचा.

तराजू

दीडशे-दीडशे लोकांत ऑर्डरी समजा ११ आणि १५ आल्या, तर त्यातून काही ठरत नाही. एवढा फरक नुसत्या योगायोगानेही पडतो. एकीकडे ८ आणि दुसरीकडे २५ आल्या तर मात्र ऐका. त्यापेक्षा ऑर्डरींपलीकडे उत्तरांकडे बघा. तारखेचा मजकूर गेल्यावर लोक उलट काय विचारतात? "आत्ताचा डबा कधीचा?" असं दोघा-चौघांनी विचारलं तर म्हणणं पोचलं. नुसतं "भाव काय?" आलं तर वाचलंच गेलं नाही.

आणि यादी अर्धी करताना वर्णमालेने करू नका. एकाच सोसायटीतले लोक आडनावांमुळे दोन्ही बाजूंना विखुरले जातात आणि आपापसात मजकूर दाखवतात. एक आड एक घ्या, पण एका सोसायटीतले सगळे एकाच गटात ठेवा.

रानभूल

माझं आजारांचं म्हणणं मागे घेतो. पण एक शंका राहते. घरपोच अ‍ॅपवाल्याने उद्या "डबा उघडल्याची तारीख" छापायला सुरुवात केली तर?

भुसारवाला

तो डब्यातून पाकिटं भरतो ते मध्यवर्ती जागी, मग ती छोट्या गोदामांत जातात आणि विकली जाईपर्यंत तिथे राहतात. तारीख छापेल, पण ती दहा दिवसांची निघणं कठीण. छापलीच तर आपली तारीख त्याच्या तारखेशेजारी ठेवता येईल. हवाबंद पाकिटात नायट्रोजन भरून त्याने तारखेचा प्रश्नच मोडीत काढला तर मात्र वहिनींच्या म्हणण्यातलं बळ जाईल. तेव्हा पुन्हा शीट काढावी लागेल.

शमिका

वहिनींनी आज तीन डब्यांतली पाकिटं मोजली. १६८, १७१, आणि तिसऱ्या डब्यातलं १८४. तिसरा डबा बाजूला काढून ठेवलाय, उद्या सकाळी कारखान्याला फोन करणार आहेत. स्टिकरचा कागद आणायचाय. पहिल्या ओळीत तारीख की दाणे, हे अजून घरात ठरलेलं नाही. वहिनी तारखेच्या बाजूने आहेत, दादा दाण्यांच्या.